हिरव्या चुड्याचा खोका

आमच्या घरात आता सकाळचा पहिला आवाज कुकरचा नसतो, टेपचा असतो. सून रीळ ओढते, चर्रर्र. मी खोक्याच्या बुडाची चार पानं दुमडून धरते. ती मधल्या चिरेवर एक पट्टी मारते, मग दोन्ही कडांना एकेक. परत चर्रर्र. कोपरखैरण्याच्या या एवढ्याशा हॉलमध्ये भिंतीला टेकून खोक्यांची चवड उभी असते, आणि तिच्या शेजारी पाटावर मी. गुडघे दुखतात, अंगठ्याला पुठ्ठ्याच्या कडेनं चिरा पडतात. कंटाळा येतो का? येतो, खोटं कशाला बोलू. पण या कामातून सुटी मागण्याचा हक्क मी स्वतःच्या हातानं घालवला आहे. कसा ते सांगते.

सून काचेच्या बांगड्या विकते. दुकान नाही, मोबाइलवरच्या एका अ‍ॅपवर. मुख्यतः लग्नातला हिरवा चुडा. महाप्यातली नोकरी सोडून तिनं हे सुरू केलं तेव्हा मुलगा काही बोलला नाही, मी मात्र खूप बोलले. विरोधात नाही. मदत करते म्हणून बोलले. ते जास्त वाईट.

कारण मी डब्यांची बाई. वाशीच्या एका छापखान्यात मी तीसेक वर्षं मिठाईचे डबे काढले, म्हणजे त्यांची डिझाइनं केली. पेढ्याचे, काजूकतलीचे, दिवाळीचे चार कप्प्यांचे. सोनेरी कडा, उठावाची नक्षी, झाकणाला खिडकी. वाशीपासून बेलापूरपर्यंत एके काळी लग्नाच्या हॉलबाहेर जी रिकामी खोकी पडलेली दिसायची, त्यांतली निम्मी माझी, असं मी सांगत फिरायची. पडलेली दिसायची, यातच सगळं आलं, पण तेव्हा ते कळलं नाही. निवृत्त झाले तरी ती बाई माझ्यातून निवृत्त झाली नव्हती. सुनेनं पहिल्यांदा "आई, पॅकिंगचं काहीतरी बघायला हवं" म्हटलं, तेव्हा ती बाई पदर खोचून उठलीच.

"काहीतरी काय? मी काढते," म्हणाले. "तू फक्त बघ."

तिनं बघितलं. बिचारीनं चार महिने बघितलं.

मी काढलेला डबा गर्द हिरवा होता. पातळ, गुळगुळीत पुठ्ठा, वरून चकचकीत प्लॅस्टिकचा थर. चारी बाजूंनी सोनेरी वेल, झाकणावर सुनेच्या ब्रँडचं नाव वेलीत गुंफलेलं. आत जांभळा कागद, त्यावर बांगड्या गोल मांडलेल्या, एका हाताच्या एका बाजूला, दुसऱ्या हाताच्या दुसऱ्या. उघडलं की मुलीच्या तोंडून "अय्या!" निघालं पाहिजे, असा माझा हिशेब. सोनं झाकू नये म्हणून टेप लावायची ती अर्ध्या इंचाची, पारदर्शक, शाळेच्या वहीला लावतात तसली. पत्त्याच्या लेबलासाठी मी जागाच सोडली नव्हती. "मागे लावतील कुठेतरी," म्हणाले.

आणि एका गोष्टीवरून तर भांडणच झालं. सून बाजारातून लाल स्टिकरांचं भेंडोळं घेऊन आली. त्यावर तडा गेलेल्या पेल्याचं चित्र. नाजूक माल आहे, जपून हाताळा, एवढाच त्याचा अर्थ.

"हे सौभाग्याच्या चुड्यावर लावणार तू?" मी म्हणाले.

"आई, ते चिन्ह आहे. सगळ्या जगात लावतात."

"जगाच्या पोरींची लग्नं जग बघेल. आपल्याकडे बांगडी फुटली असं तोंडानं म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. आणि तू लग्नघरात तडकलेल्या काचेचं चित्र पाठवतेस? नवऱ्या मुलीच्या आईनं डबा उंबऱ्यात घेताना काय बघायचं?"

सुनेनं भेंडोळं कपाटात ठेवलं. मी जिंकले.

खरं तर मला हे बोलायचा अधिकार होता असं मला वाटायचं, कारण मी कासाराची मुलगी. माझे वडील साताऱ्याकडे गावोगाव चालत बांगड्या विकायचे. पाठीवर मोठं बोचकं. बांगड्या सुतळीत ओवून घट्ट आवळलेल्या, मध्ये जुन्या लुगड्याचे तुकडे कोंबलेले, वरून आणखी एक गाठ. ते बोचकं मला लहानपणी इतकं लाजिरवाणं वाटायचं की शाळेच्या वाटेवर वडील समोरून आले तर मी बांध बदलायची. एकदा त्यांना म्हणाले होते, "दादा, शहरातल्यासारखे डबे का नाही घेत? शोभेल तरी." ते हसले आणि सुतळी आवळत राहिले. प्रत्येक बाईला बांगड्या भरून झाल्या की ते एक बांगडी वर द्यायचे. मी त्यावरही बोलायची. फुकट कशाला? मला लहानपणापासून सगळ्यांना अक्कल शिकवायची फार हौस.

तर माझे हिरवे डबे गेले. पहिल्या आठवड्यात दोन-तीन मुलींनी डब्याचे फोटो टाकले, सोन्याची वेल कशी चमकते म्हणून. मी ते फोटो सोसायटीतल्या सगळ्यांना दाखवले. मग दुसरे फोटो यायला लागले. आत जांभळा कागद आणि त्यावर हिरवे तुकडे. एका डब्याचं झाकणच वाटेत उघडलेलं. एक डबा बारा दिवस कुठेतरी फिरून परत आमच्याच दारात आला, लेबल निम्मं वर आणि निम्मं कडेवरून खाली दुमडलेलं. कुरिअरचा मुलगा तो ठेवायला आला तेव्हा मी त्याला विचारलं, "अरे, पत्ता तर बरोबर आहे." तो खांदे उडवून गेला.

सून प्रत्येक तक्रारीला माफी लिहायची, नवा चुडा पाठवायची. मी म्हणायची, "कुरिअरवाले आपटतात गं. आपण काय करणार?"  एवढ्या दिवसांत ती माझ्याशी भांडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती थकत गेली.

मग अ‍ॅपवाल्यांचं पत्र आलं. मोडलेल्या मालाचे परतावे फार आहेत. पंधरा दिवसांत कमी झाले नाहीत तर दुकान बंद. तुळशीचं लग्न नुकतंच झालेलं, मुहूर्तांचा हंगाम तोंडावर. ज्याच्यासाठी नोकरी सोडली ते हंगाम सुरू होण्याआधीच संपणार. त्याच दिवशी सांगलीकडच्या एका आईचा फोन आला. तिच्या मुलीचा चुडा आमच्या डब्यातून चुरा होऊन पोहोचला होता. ती ओरडली नाही. म्हणाली, "ताई, नऊ दिवसांनी चुडा भरायचाय. मुलीनं उघडला आणि रडायला लागली. दुसरा पाठवता येईल का, का मी इथूनच घेऊ? पण तिला तुमचाच रंग हवाय."

सून म्हणाली, "पाठवते." फोन ठेवून ती जमिनीवर बसली आणि म्हणाली, "आई, कशात पाठवू?"

मी एक हिरवा डबा पिशवीत टाकला. 

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी पावण्याच्या एमआयडीसीत गेलो, जिथे आमची पार्सलं जातात त्या गोदामात. मला तिथल्या माणसाशी भांडायचं होतं. दारातल्या रखवालदारानं आत सोडलं नाही, पण चहाला बाहेर आलेला एक हमाल भेटला. बोलण्यावरून साताऱ्याकडचा. मी पिशवीतून माझा हिरवा डबा काढला.

"हे तुम्ही आपटता का?"

त्यानं डबा हातात घेतला, एकदा कानाशी हलवला. आत बांगड्या किणकिणल्या. मग तो हसला.

"आजी, ह्यो तुमचा व्हय? ह्येला आमी नागीन म्हनतो."

"का?"

"सळकतो. थप्पीला ऱ्हात न्हाई, पट्ट्यावरनं घसरतो. वर इतका हलका, की लांबनं टाकला तरी जागेवर जातो. जड खोकं मानूस ठिवतो, हलकं फेकतो. राग नगा मानू, दिवसाला किती उचलायची तुमी बघा तरी."

सून म्हणाली, "त्यावर नाजूक आहे असं लिहिलं असतं तर?"

"ताई, वाचायला येळ कुनाला? लाल चिकटी सगळ्यांनीच लावल्याली असती. चपलांच्या खोक्यावर पन असती." त्यानं लेबलावर बोट ठेवलं. "पर ह्ये बगा. ह्ये काळ्या रेघांचं कडेवरनं वाकलं की मशीन वाचत न्हाई. मग खोकं बाजूला पडतं. बाजूचं कुनी उचलंल तवा उचलंल. एवढी जागा सपाट सोडा बास. आन् खोकं असं करा की मी फेकलं तरी चालंल. मी फेकनारच."

भांडायला गेले होते. चहा पाजून परत आले.

तिथून तुर्भ्याला. तिथे खोकी बनवणारा एक माणूस आहे, मूळचा इथल्याच खाडीकाठच्या गावातला, वडिलांच्या जागेवर गाळा बांधून यंत्रं टाकलेली. माझ्या छापखान्याच्या दिवसांपासूनची ओळख. तेव्हा मी त्याच्या जाड तपकिरी खोक्यांना नाक मुरडायची. त्यानं माझा डबा बघितला आणि टेबलावर अलगद ठेवला, मेलेलं पाखरू ठेवावं तसा.

"काकू, यो खोका नाय. यी मिठाईची डबी हाय."

"माहीत आहे," मी म्हणाले.

"डबी हातातून हातात जाते. खोका गाडीतून गाडीत जातो." त्यानं तपकिरी पुठ्ठ्याचा तुकडा उचलून आडवा धरला. आतली नागमोडी घडी दाखवली. "यी नालदार घडी उभी पायजे, खांबासारखी. आडवी धरलीस तं वरच्या थप्पीनं खोका बसला. आन् आतला डबा भायेरच्या खोक्याला कुठं शिवला नाय पायजे. बोटभर जागा, पन ती पन भरलेली. मोकळी नाय."

"छपाई?" मी विचारलंच. सवय.

"खोक्यावर छापायचा तं साचा कराया लागतो, आन् हजारानं घ्याया लागतात. तुमचा काम थोडा. टेप छापा. साधा खोका, वरून तुमची टेप. ब्रँड तिथं. पन चुड्यासारखा पोपटी रंग नको, काकू. तपकिरीवर पोपटी छापलास का शेवाळासारखा दिसतो. गर्द घ्या." मग थोडं थांबून म्हणाला, "आन् तपासून पाठवा. कंबरेच्या उंचीवरून टाकायचा. एक कोपरा, तीन कडा, सहा बाजू. धा वेळा. नंतर उघडून बघायचा."

घरी येताना सून खिडकीबाहेर बघत होती. मला वाटलं ती आता म्हणेल, मी सांगत होते. ती म्हणाली, "आई, बाहेरचा खोका समजला. पण आत काय? बांगड्या काही केलं तरी एकमेकींवर आपटणारच ना?"

तेव्हा मला ते बोचकं आठवलं. कित्येक वर्षांनी आठवलं, आणि सोबत दादांचं एक वाक्य, जे मी तेव्हा ऐकूनही न ऐकल्यासारखं केलं होतं: बांगडीला बांगडी चिकटून असली की एकमेकींना धरून राहतात, मोकळी सोडली तीच वाढते. बोचकं खांद्यावर घेऊन ते रोज किती चालायचे, ओढे उतरायचे, एसटीच्या टपावर टाकायचे. आणि मी त्याच बांगड्या जांभळ्या कागदावर एकेकीला शोभेसाठी सुटी मांडत होते!

घरी आल्यावर मी एक पुठ्ठ्याची नळी घेतली, कापडाच्या गुंडाळीतली. त्यावर फ्लॅनेलचा तुकडा गुंडाळला. दोन-सहाच्या मापाच्या बांगड्या त्यावर बरोब्बर बसल्या. दोन-चारला कापड काढायचं, दोन-आठला एक फेरा जास्त द्यायचा. एका हाताच्या सगळ्या बांगड्या एकमेकींना खेटून ओवल्या; दुसऱ्या हाताला अशीच दुसरी नळी. मग नळीच्या दोन्ही टोकांना जाड पुठ्ठ्याचे चौकोन, मध्ये नळीएवढं भोक पाडून, घट्ट बसवले, बांगड्यांना अजिबात हलता येऊ नये असे दाबून. चौकोन बांगड्यांपेक्षा मोठे, आणि त्यांच्या बाहेर नळी बोटभर निघालेली. शिवणाच्या दोऱ्याचं रीळ असतं ना, तसं. कुठल्याही बाजूनं पडलं तरी मार चौकोनांना आणि नळीला, बांगड्या हवेत.

सुनेनं ते हलवून बघितलं. आवाज आला नाही. ती पहिल्यांदा हसली. मला म्हणाली, "आई, हे तुम्हाला आधी का नाही सुचलं?"

"कारण मी डिझायनर होते," मी म्हणाले.

दोन्ही नळ्या आतल्या डब्यात, डबा तुर्भ्याहून आणलेल्या तपकिरी खोक्यात, मधल्या जागेत कागदाचे बोळे कोंबले. मग तपासणी. कंबरेची उंची माझ्या ठेंगण्या अंगाला कमी वाटली, म्हणून मी खोका घेऊन जिन्यात गेले आणि वरच्या मजल्याच्या कठड्यावरून टाकला. धप्प! सोसायटीचे सेक्रेटरी बनियनवर बाहेर आले.

"काकू, काय चाललंय?"

"चुडा टाकतेय."

"कुणाचा?"

"सांगलीच्या मुलीचा. सरका जरा, अजून कोपरा राहिलाय."

पहिल्या खोक्यात तीन वाढल्या. चौकोन सैल बसले होते. भोक लहान केलं. दुसऱ्यात दोन, खोक्याच्या तोंडाची टेप उखडली. स्वस्त तपकिरी पुठ्ठ्याची धूळ पुसून दोन इंची टेप लावली, मधल्या चिरेवर आणि दोन्ही कडांवर, इंग्रजी एच काढल्यासारखी. तिसऱ्यांदा दहा वेळा टाकून उघडला. सगळ्या सलग. मी जिन्याच्या पायरीवरच बसून राहिले. आनंद झाला म्हणून नाही, गुडघे संपले होते म्हणून.

छापील टेप यायला आठवडा लागणार होता. तोपर्यंत साधी. पण सांगलीच्या खोक्यावर काहीच नसावं हे सुनेला पटेना. ती म्हणाली, "त्या मुलीनं एकदा रडत उघडलाय. दुसऱ्यांदा उघडताना तिला कळायला हवं की आम्हाला आठवण आहे." मग मी कपाटातल्या माझ्या हिरव्या डब्यांतला एक घेतला, झाकणावरची सोनेरी वेल आणि नाव कात्रीनं गोल कापलं, आणि आतल्या डब्यावर चिकटवलं. बाहेरून साधा तपकिरी, वरची बाजू मोकळी, सपाट, लेबलासाठी. सोनं आत. तीस वर्षांत मी माझ्या डब्याला कात्री लावली नव्हती.

शेवटी बांगड्या ओवताना सून म्हणाली, "एका हाताला एक जास्त, बरोबर ना?"

"बरोबर. आणि दोन्ही नळ्यांवर आणखी एकेक वर घाल."

"कशाला?"

"दादा द्यायचे," म्हणाले.  का द्यायचे ते मी कधी विचारलं नव्हतं, फक्त टोकलं होतं.

पाचव्या दिवशी मोबाइलवर पोहोचल्याची खूण आली. फोन मात्र नाही. सून मोबाइल उशाशी, मोरीत, ओट्यावर, जाईल तिथे घेऊन फिरत होती. अ‍ॅपवाल्यांच्या पंधरा दिवसांतले मोजके उरले होते. मोडलेल्या मालाचा आणखी एक परतावा आला असता तर सगळं आटोपलं असतं. मी लाल पेल्यांचं भेंडोळं कपाटातून काढून समोर ठेवलं. म्हणाले, "लावायचं तर लाव पुढच्यांवर." ती म्हणाली, "राहू द्या आई. ते फेकणारच आहेत."

संध्याकाळी चार वाजता सांगलीहून फोन आला. सुनेनं स्पीकर लावला.

"ताई, पोहोचला. आत्ता उघडला, आम्ही सगळ्या बसूनच."

"सगळ्या नीट आहेत?"

पलीकडून बांगड्या किणकिणल्या. मग मुलीची आई म्हणाली, "एक वाढली होती ताई. बारीक तडा. पण मोजल्या तर जास्तीच्या निघाल्या. म्हणून चुडा पुरा झाला. आमच्याकडचा म्हातारा कासार पण अशी एक वर द्यायचा. तुम्ही कासार आहात का?"

सुनेनं माझ्याकडे बघितलं.

"माझ्या सासूबाई आहेत," ती म्हणाली.

त्या बाईनं परतावा टाकला नाही. त्या पंधरवड्यात आणखीही कुणी टाकला नाही, एक सोडून, आणि तो मापाचा होता, दोन-चार हवं होतं. दुकान चालू राहिलं. आता टेपवर गर्द हिरव्या रंगात बांगड्यांची ओळ छापलेली असते, एका पुढे एक, सलग. ती टेप कुणी वाटेत कापली तर ओळ तुटलेली दिसते. एवढं तरी माझ्या डोक्यातून निघालं. लाल पेले अजून कपाटात आहेत. नातवंडं वहीला लावतात.

सुनेनं परवा विचारलं, "आई, एखादी बाई ठेवूया का दुमडायला? तुम्ही थकता."

थकतेच. पण सहा बाजू, तीन कडा, एक कोपरा हे दुसऱ्या बाईला शिकवायला गेले, तर मी तिला आणखी काय काय शिकवेन, याची मला खात्री नाही. म्हणून म्हणाले, "राहू दे. ओढ टेप."

चर्रर्र.